उंचीचा रकाना रिकामा, शेरा मात्र ‘जास्त’

समजा, तालुक्यातल्या एका गावात बचत गटांच्या बायकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आरोग्य शिबिर झालं. वहीत दीडशे नावं, प्रत्येकापुढे वय, उंची आणि वजन. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ती वही एक्सेलमध्ये उतरवली, बीएमआय काढला आणि शेवटच्या रकान्यात शेरा आणला: कमी, सामान्य किंवा जास्त. यादीवरून नजर फिरवताना एक ओळ खटकते. बहात्तर वर्षांच्या एक आजी, वजन ३८ किलो, शेरा ‘जास्त’. उंचीचा रकाना रिकामा आहे. पाठीला बाक आल्यामुळे आजींना भिंतीला टेकून सरळ उभं राहता येईना, म्हणून आशाताईंनी त्यांची उंची घेतलीच नाही.

३८ किलोत ‘जास्त वजन’ ठरायचं तर माणसाची उंची सव्वा मीटरपेक्षाही कमी हवी. आजी तेवढ्या ठेंगण्या नाहीत. बाक धरूनही त्या १४५ सेंटीमीटर भरल्या असत्या तर त्यांचा बीएमआय १८.१ आला असता, म्हणजे शेरा ‘कमी’. गोळ्या आणि पोषण आहाराच्या यादीत जिचं नाव जायला हवं होतं, ती बाई भात कमी खाण्याचा सल्ला ऐकणाऱ्यांच्या रांगेत गेली. गंमत अशी की शीटमध्ये कुठेही लाल खूण नाही, चुकीचा इशारा नाही. सूत्र अगदी बरोबर चाललं आहे.

हे कसं होतं ते कळण्यासाठी आधी मूळ हिशोब पाहू. तो शाळेतल्या मुलालाही जमेल असा आहे. किलोमधलं वजन घ्यायचं आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने त्याला भागायचं. १५० सेंटीमीटर उंचीची, ४५ किलोची बाई घेतली तर दीड गुणिले दीड म्हणजे २.२५, आणि ४५ भागिले २.२५ म्हणजे बरोबर २०. उंचीचा वर्गच का, याचं उत्तर १८३० च्या दशकातल्या बेल्जियममध्ये आहे. अ‍ॅडॉल्फ केटले हा मुळात खगोलशास्त्रज्ञ. ताऱ्यांच्या नोंदींसाठी वापरायचं गणित त्याने माणसांच्या मोजमापांना लावलं आणि त्याला दिसलं की मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. लठ्ठपणाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. त्याला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. या भागाकाराला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव १९७२ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. वेगवेगळ्या देशांतल्या पुरुषांची मोजमापं घेऊन त्यांनी उंची-वजनाची अनेक सूत्रं पडताळली. निष्कर्ष बेताचाच होता: हे सूत्र फार समाधानकारक नाही, पण इतर कुठल्याही सोप्या सूत्रापेक्षा वाईटही नाही. त्या अभ्यासात बायका नव्हत्या, हेही इथे नोंदवून ठेवायला हवं.

पट्ट्यांच्या दोन सीमांचं मूळ तर निरनिराळ्या ठिकाणी आहे. खालची सीमा, १८.५, उपासमारीच्या अभ्यासातून आली. १९८८ मध्ये जेम्स, फेरो-लुझ्झी आणि वॉटरलो या तिघांनी दीर्घकाळ अपुरं खाणारी प्रौढ माणसं ओळखायची कशी, या प्रश्नासाठी ती सुचवली. वरची सीमा, २५, ही मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार कुठून वाढू लागतात या विचारातून आली, आणि तीही मुख्यतः गोऱ्या लोकसंख्येच्या आकड्यांवरून. जागतिक आरोग्य संघटनेने दोन्ही एका तक्त्यात बसवल्या. आपली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी हाच तक्ता वापरते. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी १८.७ टक्के १८.५ च्या खाली होत्या आणि २४ टक्के २५ किंवा त्याच्या वर. आपल्या शिबिराच्या शीटला करायचं आहे ते अगदी हेच, फक्त दीडशे ओळींपुरतं.

आता शीट उघडू. ‘सी’ रकान्यात सेंटीमीटरमध्ये उंची, ‘डी’ मध्ये किलोत वजन, ‘ई’ मध्ये बीएमआय, ‘एफ’ मध्ये शेरा. बहुतेक जण सूत्र लिहितात ते असं:

```
E2:  =IFERROR(D2/(C2/100)^2,"")
F2:  =IF(E2<18.5,"कमी",IF(E2<25,"सामान्य","जास्त"))
```

पहिल्या ओळीतला `IFERROR` हा नीटनेटकेपणाचा मोह आहे. उंची नसेल तर एक्सेल रिकाम्या खान्याला शून्य धरतं, शून्याने भागायला जातं आणि `#DIV/0!` असं बटबटीत काहीतरी दाखवतं. ते साहेबांना दाखवायच्या यादीत बरं दिसत नाही, म्हणून त्याच्या जागी कोरी जागा आणायची. पण डोळ्यांना कोरी दिसणारी ही जागा एक्सेलच्या लेखी कोरी नसते. तो एक मजकूर असतो, फक्त त्यात एकही अक्षर नाही. आणि मजकूर व आकडा यांची तुलना करायची वेळ आली तर एक्सेलचा नियम ठरलेला आहे: मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा. त्यामुळे ‘हा १८.५ पेक्षा लहान आहे का?’ याला उत्तर ‘नाही’. ‘मग २५ पेक्षा लहान आहे का?’ यालाही ‘नाही’. दोन्ही दारं बंद झाली की सूत्राकडे एकच शब्द उरतो, ‘जास्त’. आजी तिथे पोचल्या त्या या वाटेने.

उलट प्रकार त्याहून साळसूद आहे. उंची घेतली, पण वजनकाट्याची बॅटरी संपली म्हणून वजन राहिलं, असं झालं तर भागाकारात काहीच अडत नाही. शून्य भागिले काहीही म्हणजे शून्य. बीएमआय शून्य, शेरा ‘कमी’. म्हणजे उंची न मोजलेली सगळी माणसं लठ्ठांत आणि वजन न केलेली सगळी माणसं कुपोषितांत. त्यातून उंची कुणाची राहते? वाकलेल्या म्हाताऱ्यांची, अंथरुणाला खिळलेल्यांची, ज्यांना उभं राहताच येत नाही अशांची. चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली असती तर निदान टक्केवारीत ती थोडीफार झाकली गेली असती. इथे ती नेमकी अशक्तांच्या वाट्याला येते आणि त्यांना उलट्या गटात बसवते. पायथनमध्ये पांडास वापरून हेच काम करणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. तिथे गहाळ आकड्याशी केलेली ‘पेक्षा लहान’ ही तुलना प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणते, त्यामुळे शेवटच्या `else` मध्ये ‘जास्त’ लिहिलं असेल तर परिणाम तोच.

उपाय म्हणून चौथा शेरा ठेवावा: ‘तपासा’. आधी बीएमआय खरोखर आकडा आहे का ते विचारायचं, मगच पट्ट्या लावायच्या.

```
E2:  =IF(AND(ISNUMBER(C2),ISNUMBER(D2)),D2*10000/C2^2,"")
F2:  =IF(ISNUMBER(E2),IF(E2<$H$1,"कमी",IF(E2<$H$2,"सामान्य","जास्त")),"तपासा")
```

`H1` मध्ये 18.5 आणि `H2` मध्ये 25 लिहून ठेवायचं. सीमा सूत्रात न कोंबता बाहेर का ठेवल्या, ते पुढे येईलच.

वरच्या सूत्रात मीटर करण्याऐवजी वजनाला दहा हजारांनी गुणलं आहे. गणितात दोन्ही एकच. पण सीमेवरच्या माणसाला त्याने फरक पडू शकतो. उंची १६० सेंटीमीटर, वजन ६४ किलो असलेला गृहस्थ घ्या. त्याचा बीएमआय कागदावर बरोबर २५ आहे, म्हणून शेरा ‘जास्त’ यायला हवा. पायथनमध्ये `64/1.6**2` करून पाहिलं तर उत्तर येतं `24.999999999999996`. संगणक आकडे दोनच्या घातांत साठवतो आणि १.६ त्यात नेमका बसत नाही, म्हणून शेवटच्या घरात किंचित चूक उरते. ती एरवी कुणाच्या खिजगणतीत नसते, पण ‘२५ पेक्षा लहान आहे का’ या प्रश्नाला तेवढी पुरते आणि गृहस्थ ‘सामान्य’ होतो. उंची सेंटीमीटरमध्येच ठेवून ६,४०,००० भागिले २५,६०० केलं की दोन्ही पूर्णांक, उत्तर स्वच्छ २५.

सीमेवरची खरी नेहमीची फट मात्र छापील तक्त्यातून येते. आरोग्य पत्रकांवर ‘सामान्य: १८.५ ते २४.९’ आणि ‘जास्त: २५ ते २९.९’ असं लिहिलेलं असतं. वाचायला ते सोपं आहे, पण ते जसंच्या तसं सूत्रात उतरवलं तर २४.९ आणि २५ यांच्यामध्ये एक गल्ली राहते. १६१.२ सेंटीमीटर उंची आणि ६४.९ किलो वजनाचा बीएमआय २४.९७६ येतो. तो २४.९ पेक्षा मोठा आणि २५ पेक्षा लहान, म्हणून कुठल्याच पट्टीत बसत नाही. शिवाय खान्यात एकच दशांश दाखवायचा ठरवला असेल तर पडद्यावर `25.0` दिसतं आणि त्याच्या शेजारी ‘सामान्य’. मग बैठकीत कुणीतरी बोट ठेवतं: हे चुकलंय. चुकलेलं काही नसतं. दिसणारा आकडा गोल केलेला आहे आणि शेरा मूळ आकड्यावरून लागला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दोन दशांश देऊन १८.५० ते २४.९९ असं लिहिलेलं आढळतं. तो हा घोळ कमी करण्याचाच प्रकार. शीटमध्ये मात्र ‘पासून-पर्यंत’ लिहूच नये. ‘२५ पेक्षा कमी’ एवढंच विचारावं, म्हणजे मध्ये गल्ली उरत नाही.

इथपर्यंतचे घोटाळे सूत्रात सापडतात. पुढचा सूत्राच्या आधी घडतो आणि तो खास आपल्याकडचा आहे, कारण आपण उंची फुटांत सांगतो. ‘किती उंची?’ विचारलं की पाच-चार, पाच-सात, पाच-दहा अशी उत्तरं येतात. वहीत लिहिणारा मध्ये टिंब देतो: ५.४, ५.७, ५.१०. हे टिंब दशांशाचं नाही, ते फूट आणि इंच यांच्यामधलं आहे. एक्सेलला हे कोण सांगणार? तुम्ही `5.10` टाइप करून एंटर दाबलं की शेवटचं शून्य निरर्थक म्हणून गळतं आणि खान्यात `5.1` उरतं. पाच फूट दहा इंचांचा उंचापुरा माणूस पाच फूट एक इंचाचा होतो. त्याचं वजन ६८ किलो असेल तर खरा बीएमआय २१.५, छान सामान्य. शीटमधला येतो २८.३, शेरा ‘जास्त’. नऊ इंच उंची एका एंटरमध्ये गेली.

ही चूक टोकाचे आकडे तपासून सापडत नाही. उंची आणि वजन यांचे रकाने अदलाबदल झाले, किंवा ६२ इंच हे ६२ सेंटीमीटर समजले गेले, तर बीएमआय शंभराच्या वर जातो आणि लगेच डोळ्यांत भरतो. मोठ्या पाहण्यांमध्ये १२ च्या खाली आणि ६० च्या वर गेलेला बीएमआय गणतीतून बाजूला ठेवण्याची पद्धत आहे, आणि तीच चाळणी इथेही लावता येते. पण २८.३ हा तर अगदी रोजचा आकडा. तो पकडायचा तर बीएमआय सोडून उंचीच्या रकान्याकडे पाहायला हवं. पुरुषांच्या ओळी वेगळ्या काढा आणि प्रत्येक उंची किती वेळा आली ते मोजा. पाच-आठ बारा जण, पाच-नऊ आठ जण, पाच-दहा एकही नाही, पाच-अकरा तीन जण, आणि खाली पाच-एकवर अचानक सहा पुरुष, असं दिसलं की समजावं, वरचे खाली घसरले आहेत. मग वहीशी ताडून पाहण्यावाचून इलाज नाही. पुढच्या वेळी मात्र फूट आणि इंच यांचे दोन वेगळे रकाने ठेवावेत आणि `=(फूट*12+इंच)*2.54` या हिशोबाने सेंटीमीटर काढावेत. त्याहून बरं म्हणजे भिंतीवर सेंटीमीटरची पट्टी लावावी आणि तीच वाचावी. लोक आपली उंची तोंडी सांगताना एखादा इंच उदारपणे वाढवतात, ते वेगळंच.

पट्टी लावली तरी डोक्याकडे लक्ष हवं. सूत्रात उंचीचा वर्ग असल्यामुळे उंचीतली एक टक्का चूक बीएमआयमध्ये जवळजवळ दोन टक्के होऊन उतरते. ५६ किलोची बाई, खरी उंची १४८ सेंटीमीटर. बीएमआय २५.६, म्हणजे ‘जास्त’. तिचा अंबाडा न सोडता पट्टीचा आडवा भाग त्यावर टेकवला आणि नोंद १५० झाली, तर बीएमआय २४.९, म्हणजे ‘सामान्य’. दोन सेंटीमीटर केसांनी तिची पट्टी बदलली. म्हणून चपला काढा, केस मोकळे करा, टाचा भिंतीला लावा, नजर समोर ठेवा, ही शिबिरातली कटकट वाटणारी सूचना खरं तर सूत्राइतकीच महत्त्वाची आहे. पाठीला बाक आलेल्या आजींची गोष्ट याच्या उलट असते. त्यांची मोजलेली उंची मूळ उंचीपेक्षा कमी भरते आणि बीएमआय फुगतो. अशा वेळी पसरलेल्या दोन्ही हातांच्या टोकांमधलं अंतर किंवा गुडघ्याची उंची घेऊन मूळ उंचीचा अंदाज बांधतात.

राहिला प्रश्न `H2` मधल्या २५ चा. जानेवारी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र छापून आलं. त्यात दोन डॉक्टर शेजारी शेजारी: पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. दोघेही तक्त्यानुसार सामान्य. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त. भारतीय शरीर बाहेरून सडपातळ दिसतं, पण स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटात साठलेली; मधुमेह आपल्याला कमी बीएमआयलाच गाठतो तो यामुळे. याज्ञिक ही गोष्ट पुण्यातल्या नवजात बाळांपासून अभ्यासत आले आहेत.

‘लॅन्सेट’च्या त्याच अंकात जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाचा आशियाई लोकांविषयीचा अहवालही होता. त्यांनी २५ ची सीमा मोडली नाही, पण आशियाई लोकसंख्येसाठी २३ पासूनच सावध व्हावं असा टप्पा सुचवला. भारतीय डॉक्टरांच्या एका गटाने २००९ मध्ये पुढचं पाऊल टाकलं आणि २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा असं धरायला सांगितलं. म्हणजे आज एकाच बाईला सरकारी पाहणी ‘सामान्य’ म्हणेल आणि मधुमेहाचे डॉक्टर ‘जास्त’. १५० सेंटीमीटर उंचीच्या बाईसाठी २३ म्हणजे पावणेबावन्न किलो आणि २५ म्हणजे सव्वाछप्पन्न. या साडेचार किलोंच्या पट्ट्यात आपल्याकडच्या कितीतरी बायका असतात. `H2` मध्ये 25 च्या जागी 23 लिहिलं की सगळी यादी क्षणात नव्याने लागते, आणि ‘जास्त’च्या गटात किती नावांची भर पडली ते समोर दिसतं. शिबिर साखर तपासण्यासाठी असेल तर माझ्या मते २३ च ठेवावं. एखादीला साखर तपासायला बोलावलं आणि काही निघालं नाही तर तिचं नुकसान थोडकं. आकडा जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या टक्केवारीशी ताडायचा असेल तर मात्र २५ हवंच, नाहीतर गाव एका दिवसात उगाच लठ्ठ दिसू लागेल.

दीडशे ओळींत काही नावं अशी असतात ज्यांना यातली कुठलीच सीमा लावायची नसते. गरोदर बायका आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायका कुटुंब आरोग्य पाहणीतही या गणतीतून वगळतात. आईबरोबर आलेल्या मुलांचं तर गणितच वेगळं. दहा वर्षांचा मुलगा, उंची १३८ सेंटीमीटर, वजन २८ किलो, बीएमआय १४.७. मोठ्यांच्या पट्टीत हा आकडा म्हणजे गंभीर कुपोषण. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यात दहा वर्षांच्या मुलांचा मधला आकडाच सुमारे १६.४ आहे आणि कृशतेची रेषा सुमारे १३.७ वर. मुलगा किरकोळ आहे, पण ठीक आहे. मुलांची सीमा वयाच्या प्रत्येक महिन्याला सरकते आणि मुलगे-मुली यांची वेगवेगळी असते, म्हणून ‘बी’ रकान्यातलं वय १८ च्या खाली असेल तर शेरा लावण्याचं काम सूत्राकडून काढून घ्यावं आणि तिथे ‘बालतक्ता पाहा’ एवढंच यावं. वयाचा खाना रिकामा असेल तर एक्सेल त्याला शून्य धरून तेच लिहील. इथे मात्र शून्य धरण्याची त्याची ती खोड उपयोगी पडते, कारण वय न लिहिलेली ओळ कुणीतरी उघडून पाहायलाच हवी.